न घेतलेल्या रक्ताचं लोह

आमच्या घरात फेरिटिनचा रिपोर्ट शाळेच्या निकालासारखा वाचला जायचा. माझा धाकटा भाऊ आकाश थॅलेसेमिया मेजर. तान्हा असल्यापासून त्याला दर पंधरा दिवसांनी रक्त चढतं, आणि चढवलेल्या प्रत्येक बाटलीतलं लोह अंगात राहून जातं. ते बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. लिव्हरमध्ये साठतं, हृदयात साठतं. किती साठलंय त्याचा अंदाज फेरिटिनच्या आकड्यावरून करायचा. आकडा हजाराच्या आत आला की आई गव्हाची खीर करायची. वर गेला की घरात दोन दिवस टीव्ही लागत नसे.

माझा निकाल कधी लागलाच नाही. आजार मलाही तोच, पण सौम्य. लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, "हिचा प्रकार इंटरमीडिया आहे. हिच्यावर लक्ष ठेवा. नेहमी रक्त लागेल असं नाही." आईने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पदरात बांधून घेतलं. आणि ते खरंही ठरलं. दहावीत टायफॉइड झाला तेव्हा एकदा, पित्ताशयातले खडे काढले तेव्हा एकदा, एवढंच रक्त मी आयुष्यात घेतलं. बाकी हिमोग्लोबिन साडेसात-आठ. त्यावर कॉलेज केलं, कात्रपच्या शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली, जिने चढले. हळू चढले, इतकंच.

"माझी एक बिनबाटलीची आहे," आई विहारातल्या बायकांना सांगायची. "भगवंताची करुणा."

त्या बिनबाटलीचीच्या गालांची हाडं वर आलेली होती, डोळे बारा महिने पिवळट होते. बघायला आलेले लोक विचारायचे, मुलीला कावीळ झालीय का? बाबांनी कुणापासून काही लपवलं नाही. आजाराचं नाव सांगितलं की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे. पुढे बाबा गेले. त्यांचं धोंडिबा हे नाव काढलं की अंबरनाथच्या कारखान्यात अजूनही जुनी माणसं हात जोडतात, पण मला बघायला यायचं त्यानंतर थांबलं ते थांबलंच. मी शिरगावात एक खोली-किचन घेतलं. आई आकाशजवळ अंबरनाथलाच राहिली. ते साहजिक होतं. त्याला माणूस लागतं.

मला माणूस लागतं असं कुणाला वाटलं नाही. मलाही वाटलं नाही म्हणा. सकाळी वंदना, त्रिसरण, पंचशील. न दिलेलं घ्यायचं नाही हे शील म्हणताना मला नेहमी रक्ताच्या पिशव्या आठवायच्या. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीमागे थॅलेसेमियाच्या मुलांचं डे-केअर आहे. आकाशला घेऊन मी तिथे शाळकरी वयापासून जातेय. मे महिन्यात रक्तदात्यांचा दुष्काळ पडला की एकेका पिशवीसाठी आया कशा रडकुंडीला यायच्या, ते मी पाहिलंय. त्यातली एकही पिशवी माझ्यावर खर्च होत नाही, याचं मला बरं वाटायचं. अभिमान म्हणा हवं तर. माझ्याकडे तेवढाच होता.

या वर्षी आकाशचं नवं इंजेक्शन सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी दंडात, कातडीखाली. तिथल्या डॉक्टर माया यांनी धडपड करून त्याला एका मदत योजनेत बसवलं होतं. त्या मूळच्या कॅम्प चारमधल्या, सिंधी घरातल्या. मराठी चांगलं बोलतात, पण रागावल्या की हिंदीत जातात.

"तुझ्या हाडांतल्या मज्जेत लाल पेशी बनत नाहीत असं नाही," पहिल्या दिवशी त्या आकाशला सांगत होत्या. "खूप बनतात. पण पूर्ण व्हायच्या आधीच मरतात. शेवटच्या टप्प्यावर शरीराचाच एक निरोप त्यांना अडवतो. हे औषध तो निरोप वाटेतच पकडतं. मग थोड्या जास्त पेशी मोठ्या होऊन बाहेर येतात."

"म्हणजे दहावीला अडकलेली पोरं पास होणार," आकाश म्हणाला.

"सगळी नाही. तुझ्यासारखी काठावरची."

"काय मॅडम, इज्जत काढली."

चार-पाच इंजेक्शनं झाली आणि फरक दिसायला लागला. पंधरा दिवसांची बाटली तीन आठवड्यांवर गेली. इंजेक्शनानंतर हाडं दुखायची, डोकं धरायचं, पण त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा असा रंग आला की त्याच्या कारखान्याचा सिंधी शेठ म्हणे, "वडी, लग्न-बिग्न जमलं काय तुझं?" हे आकाश मला हसत सांगत होता, आणि मी पण हसत होते, आणि माझ्या मनात एकच होतं. मला ते इंजेक्शन हवं होतं.

इतकं काही हवंसं वाटायची मला सवय नव्हती. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर रजिस्टर पोचवायला गेले की मी खिडकीशी थांबून बाहेर बघितल्यासारखं करायचे. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. खिडकीतून बघण्यासारखं काही नाही, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या आहेत. एकदा दम न लागता वर जाऊन सरळ वर्गात शिरायचं, एवढीच माझी इच्छा. पण ते औषध रक्त घेणाऱ्यांसाठी होतं. मी मध्येच होते. धड आजारी नाही, धड बरी नाही.

एका शनिवारी आकाशला इंजेक्शन देऊन झालं, तो बाहेर मित्रांशी बोलत उभा होता, आणि मी धीर करून विचारलं, "मॅडम, हे माझ्यासारख्यांना देतात का?"

डॉक्टर मायांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. मग चष्मा काढला. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसतेय, पण आकाशची बहीण म्हणून.

"तुमच्यासारख्यांना म्हणजे?"

"इंटरमीडिया. मला रक्त लागत नाही."

"डोळे दाखवा," त्या म्हणाल्या. मी खालची पापणी ओढून धरली. मग त्यांनी मला टेबलावर झोपवून पोट चाचपलं. प्लीहा सुजून बेंबीपर्यंत आलेली. "शेवटची तपासणी कधी केली होती?"

मला सांगता येईना. खड्यांच्या ऑपरेशनच्या वेळी बहुतेक.

"आणि लोह? फेरिटिन? लिव्हरचा एमआरआय?"

"मी रक्तच घेत नाही मॅडम," मी म्हणाले. माझ्या आवाजात तो अभिमान आला असावा. "मग लोह कुठून येणार?"

त्यावर त्या हिंदीत गेल्या. "यही तो गलती है. जिस घर को सबसे ज्यादा मालूम है, वही घर ये गलती करता है."

फेरिटिन आलं सातशे चाळीस. त्याच महिन्यातलं आकाशचं अकराशे. मी रिपोर्ट घेऊन अंबरनाथला गेले. आईने दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन, चष्मा पुसून वाचले.

"बघ, तू पास," ती म्हणाली. "हजाराच्या आत. उगा घाबरवतात. आकाश, तू नापास रे."

"ताई पहिल्यापासून स्कॉलर," आकाश आतून ओरडला.

त्या दिवशी खीर झाली. मी वाटीभर खाल्ली.

मग ठाण्याला जाऊन एमआरआय केला. त्यात लिव्हरमध्ये किती लोह आहे ते थेट मोजतात. आकाशचा गेल्या वर्षी केलेला होता, त्यात पाच आलं होतं. माझं सोळा आलं.

मी तो कागद डॉक्टर मायांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "अदलाबदल झाली असेल. नाव तपासायला सांगू का?"

"बसा," त्या म्हणाल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. "तुमच्या मज्जेतही आकाशसारखंच चाललंय. पेशी बनतात, अर्ध्यात मरतात. तुमच्यात आणखी एक छोटा जनुकीय बदल आहे, म्हणून नासाडी त्याच्याहून कमी. तेवढ्यावर भागतं. पण मज्जेला वाटतं, रक्त कमी पडतंय, अजून बनवू या. मग ती लिव्हरला निरोप धाडते की लोह अडवू नको. आतड्याची दारं उघडी राहतात. भाजी, भाकरी, डाळ, सगळ्यातलं लोह जास्त शोषलं जातं. रोज थोडं थोडं. आकाशला बाटलीतून येतं, तुम्हाला ताटातून आलं."

बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं आणि सिस्टर त्याला सिंधीत चुचकारत होती.

"पण फेरिटिन तर..."

"रक्त न घेणाऱ्यांमध्ये तो आकडा लोह कमी दाखवतो. लोह लिव्हरच्या पेशींत दडून बसतं. आकाशचे अकराशे आणि तुमचे सातशे यांची तुलनाच होत नाही. मेजरच्या मुलांना आम्ही पहिल्यापासून लोह काढायची औषधं देतो. आकाशनं लहानपणापासून पंप लावला, मग गोळ्या खाल्ल्या. तुम्हाला कुणी एक तरी गोळी दिली?"

रात्रभर थेंबथेंब औषध सोडणारा तो पंप मीच लावायचे. त्याच्या पोटावर सुई टोचायचे, तो मला लाथ मारायचा, मी गोष्ट सांगत सुईवर पट्टी चिकटवायचे. सकाळी काढायचे. गोळ्या आल्यावर त्या पाण्यात विरघळवून पेला त्याच्यासमोर धरून उभी राहायचे, तळाचा गाळसुद्धा प्यायला लावायचे. त्याच्या ताटात पालक, खजूर, गूळ येऊ द्यायचे नाही. ते सगळं माझ्या ताटात यायचं. "तू खा," आई म्हणायची, "तुला रक्ताची गरज आहे आणि तुला काही होत नाही."

"जेवताना चहा पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चहा सोडलाय."

"का?"

आकाशची प्लीहा काढली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई म्हणाली, काहीतरी सोड. मी चहा सोडला. आई त्याला नवस म्हणते, मी संकल्प म्हणते. आमच्यात नवस नसतो. हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "वर्षं झाली."

"सुरू करा. जेवणाबरोबर कोरा चहा घेतला की लोह कमी शोषलं जातं. लिंबू जेवणात पिळायचं नाही, त्यानं उलट वाढतं. हा उपचार नाही, मदत आहे. उपचार म्हणजे गोळी. आणि गोळीबरोबर किडनी-लिव्हरची तपासणी, न चुकता."

"आणि इंजेक्शन?"

"तुमच्यासारख्यांवर त्याचा अभ्यास झालाय. बऱ्याच जणांचं हिमोग्लोबिन एक-दीडनं वाढलं. काही देशांत तुमच्यासारख्यांसाठी मान्यताही आहे. मी तुमच्यासाठी प्रयत्न करते. देऊ या, असंच धरून चला. आधी पाठीचा एक एमआरआय करा. पाठ दुखते म्हणालात ना?"

ते मी सहज म्हणाले होते. पाठ दुखते, डावा पाय कधी कधी मुंग्या येऊन जड होतो. शाळेत बसून बसून होतं.

पुढचे दिवस मी दुसऱ्याच कुणाचे तरी जगले. सकाळी वंदना झाली की मूर्तीसमोर दोन क्षण जास्त बसायचे. पहिल्या दिवशी मनातल्या मनात सांगितलं की चहाचा संकल्प आज सोडते, आणि भाकरीबरोबर कोरा चहा घेतला. कडू लागला. तो कडूपणाही मला आवडला. हिमोग्लोबिन दीडने वाढलं तर नऊ-साडेनऊ. नऊ-साडेनऊत माणूस काय काय करत असेल, याचा मी हिशेब करायचे. कात्रपहून शिरगावपर्यंत शेअर रिक्षा न करता चालत यायचं. विहारात अष्टशीलाच्या दिवशी पायऱ्या झाडायला पुढे व्हायचं. लग्नाचं वय गेलं होतं आणि त्याचं मला आता काही वाटतही नव्हतं. पण कुणी शेजारी म्हणालं, चला यशोधरा, बाजारात जाऊन येऊ, तर नको म्हणावं लागणार नाही. दमते म्हणून इतक्यांना नको म्हटलं होतं की आता कुणी विचारतच नसे.

आईला मी सोळाचा आकडा सांगितला. तिने मान हलवली.

"बाटली घेतली नाहीस तर लोखंड कुठनं येईल गं? काय हवेतनं येतं?"

"ताटातून, आई."

"म्हणजे मी खायला घातलं म्हणून?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही गं. माझं आतडंच तसं आहे."

"मी चांगलंचुंगलं तुझ्या ताटात वाढलं. आकाशला उपाशी ठेवलं आणि तुला वाढलं." मग ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच होती ती. माझं दुःख तिला सांगायला गेले आणि तिचंच घेऊन मी परत आले. त्यानंतर हा विषय मी तिच्याकडे काढला नाही. फोनवर ती नेहमीसारखी आकाशची हाडं दुखतात ते सांगायची, मी तेल कुठलं लाव ते सांगायचे.

पाठीच्या एमआरआयचा रिपोर्ट दाखवायला मी एकटीच गेले. आकाशला वेळ नव्हता, कारखान्यात ऑर्डर होती. मीही ये म्हटलं नाही. आनंदाची बातमी मीच त्याला सांगेन असं ठरवलं होतं.

डॉक्टर मायांनी फिल्म दिव्याच्या पाटीवर लावली. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, फासळ्यांच्या मुळाशी, बटाट्यासारखे करडे गोळे दिसत होते. एक मणक्याच्या पोकळीत जरा आत सरकलेला.

"कॅन्सर?" मी विचारलं.

"नाही, नाही. हे तुमचंच रक्त बनवायचं काम आहे. मज्जेला हाडात जागा पुरली नाही, म्हणून तिनं हाडाबाहेर दुकान मांडलं. इंटरमीडियात होतं असं. बऱ्याच जणांना कळतही नाही. पण तुमचा हा गोळा नसांवर दाब द्यायला लागलाय. पायाच्या मुंग्या त्याच्या."

"मग इंजेक्शननं..."

"इंजेक्शन नाही देता येणार, यशोधराजी."

त्यांनी ते सरळ सांगितलं. मला वाटतं, त्यांनी तसंच सांगायला हवं होतं.

"ते औषध पेशींचं काम वाढवतं. त्यावर असे गोळे वाढल्याचं दिसलंय. ज्यांच्या गोळ्यांनाच उपचार हवाय, त्यांना ते द्यायचं नसतं. मणक्यातला गोळा वाढला तर पाय जाईल. मी ती जोखीम घेणार नाही."

"एक गोळी पण आलीय म्हणे. आकाश मोबाइलवर वाचत होता."

"परदेशात मान्य झालीय. पेशींना जास्त ऊर्जा मिळते तिच्यानं, आधीच मरत नाहीत. पण ती लिव्हरला त्रास देऊ शकते, आणि तुमचं लिव्हर आत्ता लोहानं भरलंय. आधी ते हलकं करू. मग बघू. दार बंद नाही करत मी."

"मग आता काय?"

"आता मज्जेला गप्प बसवायचं. तिला सांगायचं की रक्त भरपूर आहे, तू थांब. म्हणजे गोळे आकसतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला रक्त चढवावं लागेल. काही महिने, नियमानं. सोबत एक कॅप्सूल. लोह काढायची गोळी तर आहेच, आणि आता ती जास्त जपून. रक्तातूनही लोह येणार ना."

मला हसू आलं. खरंच आलं. चाळिशीला टेकल्यावर मी बाटलीवर जाणार होते, आणि आकाश बाटलीवरून उतरत होता.

"दुसऱ्या कुणाची पिशवी कमी नाही ना पडणार?" मी विचारलं.

"काय?"

"मुलांची."

त्यांना कळलं असावं. एकदम रागावल्या. "देणारा देताना नाव लिहून देत नाही. दान है वो. तुमच्या वाटचं तुम्ही घेत नाही म्हणून दुसऱ्याचं पोट भरतं असं नसतं. इतकी वर्षं हिशेब कोणी शिकवला तुम्हाला हा?"

कुणी शिकवला नव्हता. मी मान खाली घातली.

आकाशला फोनवर सांगितलं. मशीनचा आवाज येत होता. तो बाहेर आला. मग म्हणाला, "ताई, साला मी तुझ्याकडे कधी बघितलंच नाही ना गं."

"बघून काय करणार होतास?"

"टेन्शन नको घेऊ. खिडकीजवळचा बेड माग. डावा हात दे, उजवा मोकळा ठेव. स्वेटर ने, ब्लड थंड असतं. आणि सिस्टरला सांग, सुरुवातीला हळू. आता मी सीनियर, तू ज्युनियर."

"हो सर."

"मी येतो तुझ्यासोबत."

"शनिवारी नाही, मला बुधवार दिलाय. तुझी ऑर्डर?"

ऑर्डर होती. आणि आदल्याच शनिवारी त्याचं इंजेक्शन, म्हणजे हाडं धरणार. "नको येऊस," मीच म्हटलं. "मला सगळं माहितेय तिथलं."

खरं तर एक मला वाटलं होतं. निदान एकदा तरी दोघं शेजारी शेजारी झोपू, तो माझी टर उडवेल, आयुष्यभर ज्या खोलीत मी स्टुलावर बसले तिथे त्याच्या बरोबरीने असेन. पण औषध त्याला लागू पडलं होतं. त्याचे शनिवार कमी होत चालले होते. मी त्या खोलीत शिरायला आणि तो तिथून निघायला एकच गाठ पडली. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं मी मला सांगितलं.

रक्त जुळवायला दोन दिवस गेले. इतक्या उशिरा रक्त सुरू करणाऱ्यांच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायचा धोका जास्त, म्हणून नेहमीच्या गटापलीकडेही बारकाईने जुळवतात. बुधवारी सकाळी मी गेले. डे-केअरमध्ये बुधवारी मोठी माणसं कमी, लहान मुलंच जास्त. प्रत्येकाच्या बेडशी आई नाहीतर आजी. कुणी सोललेली मोसंबी भरवतंय, कुणी मोबाइलवर कार्टून लावून देतंय.

गयाबाई तिथल्या जुन्या मावशी. त्यांनी मला बघितलं आणि सवयीने स्टूल पुढे केलं. "जयभीम यशोताई. आकाश कुठाय? बाथरूमला गेला?"

"आकाश नाही मावशी. आज मी आहे."

"तू काय?"

"मला चढवायचंय."

गयाबाईंनी तोंडावर पदर धरला. मग पलंगावरची चादर बदलली, कोपरे दोनदा नीट केले. "झोप बाय," म्हणाल्या. "स्टुलावर कोण बसणार?"

"कुणी नाही."

"असं कसं? इथं कुणी एकटं नसतं. काही झालं तर धावायला माणूस लागतं."

"मी बेल दाबेन."

सिस्टरने दोनदा नाव विचारलं, पिशवीवरचा नंबर माझ्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिला, ताप-नाडी बघितली. डाव्या हाताला सुई गेली. इतकी वर्षं मी बघत आले ते हेच, पण वरून. खालून बघताना पिशवी फार मोठी दिसते. लाल रंग नळीतून सावकाश खाली येत माझ्यापाशी पोचला आणि हात कोपरापर्यंत गार पडला. कुणा अनोळखी माणसाचं. त्यानं कुठल्या तरी मंडपात, केळं खाऊन, बाही वर करून दिलं असेल. मी मनात त्याचं मंगल चिंतलं. मग चिंतायला काही उरलं नाही.

शेजारच्या बेडवरच्या मुलीची आजी तिला विचारत होती, थंड वाटतं का, शाल देऊ का. स्वेटर मी आणला होता, पण तो पिशवीत होता आणि पिशवी पायाशी. उठता येत नव्हतं. गयाबाई चहा आणायला गेल्या होत्या. स्वेटरसाठी बेल दाबायची मला लाज वाटली.

फोन वाजला. आई होती.

"आकाश म्हणाला आज आहे. लागलं का गं?"

"लागलं."

"बरं. आकाशची हाडं धरलीत बघ. मी पाय चेपत बसलेय. कालपासून कारखान्यालाही गेला नाही. ते तेल कुठलं म्हणाली होतीस, हिरव्या बाटलीतलं का लाल?"

"हिरव्या."

"तुझं काय, तू धीराची. तुला सगळं माहीत तिथलं."

"हो."

"मग ठेवू का?"

मी हो म्हणणार होते. तोंडात आलेलं होतं. हात कोपरापासून खांद्यापर्यंत गार झाला होता आणि नळीकडे बघवत नव्हतं. आकाश घरी होता, पाय दुखत होते, पण मरणाचं काही नव्हतं. हे मला माहीत होतं. असं मोजायचं नसतं हेही माहीत होतं.

"आई," मी म्हटलं, "तू ये ना इथं."

"कुठं?"

"कॅम्प तीनला. माझ्याजवळ."

मागे आकाश विचारत होता, काय झालं, कोण आहे? आईने त्याला उत्तर दिलं नाही.

"काही त्रास होतोय का गं तुला?" तिने विचारलं.

"त्रास नाही."

"मग?"

"थंडी वाजतेय," मी म्हणाले. "आणि कुणी नाहीये."

तिचे गुडघे धरलेले असतात, जिना उतरायला तिला वेळ लागतो, शेअर रिक्षात दाटीवाटीने बसणं तिला जमत नाही. हे सगळं मला आठवलं आणि मी म्हणायला गेले, जाऊ दे, राहू दे. पण म्हटलं नाही. ओठ दाबून पडून राहिले.

"कॅम्प तीनला उतरून कुठल्या गल्लीत शिरायचं?" आईने विचारलं. "मी येऊन किती वर्षं झाली. आता सगळं बदललं असेल."

मी तिला सांगायला लागले. जीन्सच्या दुकानांवरून सरळ, मग डावीकडे. ती मध्येच थांबवून पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.